तीन नंबरचा कॅमेरा

बाबांना जाऊन तिसावा दिवस होता आणि गेटवरचा तीन नंबरचा कॅमेरा एकतिसाव्या दिवशी स्वतःचंच चित्रण पुसून त्यावर नवं घेतो. हा नियम बाबांचा. वसईतल्या आमच्या सोसायटीचे ते नऊ वर्षं सेक्रेटरी होते.

त्या दिवशी त्यांना सकाळी डॉक्टरांकडे जायचं होतं, सोबत मी जाणार होतो. पावणेसातला त्यांनी गेटवरून इंटरकॉम केला. मी म्हणालो, "पाच मिनिटांत आलो," आणि झोपलो. ते एकटेच रिक्षात बसले आणि दवाखान्याच्या दारात, रिक्षातच गेले.

ते गेटवर माझी किती वेळ वाट बघत होते, एवढंच मला बघायचं होतं.

मी ऑफिसात गेलो. आता तिथे सॅबिना आंटी बसतात. त्यांनी बाबांनीच छापलेला अर्ज पुढे सरकवला.

"कारण लिही रे. चोरी, अपघात किंवा नुकसान. एवढ्यालाच मंजुरी मिळते."

मी 'नुकसान' लिहिलं.

"कशाचं? पुढे अंदाजे किंमत लिहायचीय."

मी पेन खाली ठेवलं.

"आंटी, तुम्ही बाबांना वीस वर्षं ओळखता."

"म्हणूनच घाबरते. गेल्या साली बी विंगच्या परेराने 'सहज बघायचंय' म्हणून अर्ज दिला होता. सून कुणाबरोबर फिरते ते बघायला. तुझ्या बाबांनी काय लिहिलं? 'सहज हे कारण नाही.' मी कशी मोडू?"

"पोलिसांना देता ना?"

"लेखी मागितलं की. तू पोलीस हायस?"

"मग निदान आजच वेगळं काढून ठेवा. बघायचं नंतर बघू."

"वेगळं काढायलाही मंजूर अर्ज लागतो. कमिटी रविवारी बसते."

आज शुक्रवार होता. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. ते बाबांनी मुद्दाम पाच मिनिटं पुढे लावलेलं होतं, आणि त्या क्षणी मला त्याचाही राग आला. मी सांगितलं की गेटवरून माझी सायकल चोरीला गेली. आंटी म्हणाल्या, तुझ्याकडे सायकल नाही. मी म्हणालो, म्हणूनच तर. मग मला रडू आलं. खोटं रडायचं ठरवून सुरुवात केली होती, पण ते मध्येच खरं झालं.

आंटींनी पाण्याचा ग्लास दिला आणि विषय बदलायला म्हणाल्या, "बाबांचा नंबर फोनच्या यादीतून काढायचाय हं. तीस दिवसांत काढायचा असतो. त्यांचा फॉर्म बघते, तू सही कर."

फोनच्या यादीचा फॉर्म बाबांनी सगळ्यांकडून भरून घेतला होता. नंबर कुणाला दिसावा: फक्त ऑफिसला, की सगळ्यांना. कुणी बाहेरून विचारलं तर ऑफिसने स्वतः फोन लावून निरोप द्यायचा, नंबर द्यायचा नाही. आणि सगळ्यात शेवटी सातवा रकाना: 'माझ्या मृत्यूनंतर माझ्या माहितीबाबतचे हक्क कोणी वापरावेत.' त्याच्यावर सोसायटी महिनाभर हसली होती. परेरांनी तिथे 'पोप' लिहिलं होतं. मी 'नंतर सांगतो' लिहिलं होतं.

आंटी फॉर्म वाचता वाचता थांबल्या. मग त्यांनी धोरणाची फाइल काढली आणि चष्मा पुसून कलम चार वाचलं.

"ज्याचं चित्रण, तो स्वतः मागू शकतो. त्याला कारण विचारू नये."

"ते नाहीयेत आंटी."

"ते नाहीत. पण सातव्या रकान्यात तू हायस ना, गाढवा."

बाबांच्या अक्षरात माझं नाव होतं. नातं: मुलगा. शेरा: 'सकाळी दहानंतर फोन करावा. आधी उठत नाही.'

नियमाप्रमाणे कमिटीचे दोघं जण हजर लागतात, म्हणून आंटींनी खजिनदारांना फोन करून बोलावलं. ते बनियनवर आले. बघायचं ऑफिसातच, मोबाइल बाहेर टेबलावर. बाकीच्या लोकांचे चेहरे दिसू नयेत म्हणून आंटी पडद्याच्या उजव्या अर्ध्या भागावर मेणबत्त्यांच्या दुकानाचं कॅलेंडर धरून बसल्या, आणि कुणी डावीकडे सरकलं की कॅलेंडरही सरकत होतं.

सहा सेहेचाळीसला बाबा वॉचमनच्या केबिनमधला इंटरकॉम ठेवून बाहेर आले. डॉक्टरांची फाइल काखेत. त्यांनी वर आमच्या खिडकीकडे बघितलं. मग घड्याळाकडे. मग परत खिडकीकडे. 'आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात' ही पाटी त्यांना तिरकी दिसली, ती त्यांनी सरळ केली. रुमालाने पुसली. पुन्हा खिडकी. सहा सत्तावन्नला त्यांनी रिक्षाला हात केला, आणि बसायच्या आधी वॉचमनकडे वळून वर बोट दाखवत काहीतरी सांगितलं. आवाज नव्हता.

"अकरा मिनिटं," खजिनदार म्हणाले. हिशोबाची सवय.

कॅलेंडर आंटींच्या हातातून कधीच खाली पडलं होतं.

गेटवर जाऊन मी वॉचमनला विचारलं, ते काय म्हणाले होते. तो म्हणाला, "बोले, पोरगा उठला तर सांग, मी गेलो. ओरडायचं नाही, आरामात सांग." मग तो ओशाळला. "आपने पूछा ही नहीं, साहब."

ऑफिसात रजिस्टर उघडं होतं. नाव, वेळ, कोणाच्या वतीने. कारणाच्या रकान्यात आंटींनी रेघ मारली होती. मी सही केली, आणि बाबांचा नंबर यादीतून काढायच्या फॉर्मवरही केली. तारीख आजचीच घातली. वेळेवर.