ओमेगा कुठून आला

विभागप्रमुखांनी स्वतः उठून खोलीचं दार लावून घेतलं, तेव्हाच तिच्या लक्षात आलं की विषय बाबांचा आहे. एरवी हा माणूस दार सताड उघडं टाकून बसायचा आणि जिन्यापर्यंत ऐकू जाईल असा हसायचा.

"मुलं तक्रार करत नाहीयेत," ते म्हणाले. "तक्रार केली असती तर मी त्यांना झापून मोकळा झालो असतो. काळजीने बोलतायत, तेच वाईट आहे."

"काय म्हणतात?"

"सर मधेच थांबतात. गेल्या आठवड्यात तोच तास पुन्हा घेतला. आता पन्नाशीनंतर हे कुणाचं होत नाही? मी परवा अख्खं वजाचं चिन्ह गिळलं आणि ढेकरही दिली नाही." त्यांनी विनोद केला खरा, पण त्यांचं हसू ओठांपर्यंत येऊन परतलं. "मी जाऊन बसलो तर त्यांना अपमान वाटेल. त्यांच्या हाताखाली शिकलोय मी. बाहेरच्या कुणाला बसवणं तर त्याहून वाईट. तू इथेच शिकवतेस, तू बस. तू सांगशील ते मी मान्य करीन. ठीक आहेत म्हणालीस, तर हा विषय पुन्हा निघणार नाही."

"आणि ठीक नाहीत असं मी म्हणाले तर?"

"तर हा अभ्यासक्रम दुसऱ्याकडे द्यावा लागेल." ते खिडकीकडे पाहत राहिले. "शेवटचाच आहे तो त्यांच्याकडे."

निवृत्तीनंतर बाबांपाशी उरला होता तो आठवड्याचे तीन तास चालणारा हा एकच वर्ग. त्या तीन दिवशी ते पहाटेच दाढी करून, शर्टाला कडक इस्त्री करून तयार असत. उरलेल्या चार दिवशी आई त्यांना दोनदा आठवण करून देई, तेव्हा कुठे ते आंघोळीला उठत. तो वर्ग काढून घेणं म्हणजे त्या घराचा मध्यखांबच काढून घेण्यासारखं होतं, आणि करवत तिच्याच हाती दिली गेली होती.

दुसऱ्या दिवशी ती मागच्या बाकावर जाऊन बसली. बाबांनी तिला पाहिलं, भुवई किंचित उंचावली आणि फळ्याकडे वळले.

सुरुवात अप्रतिम झाली. आजचा विषय होता तीन घटकांचा चक्रीय गट. "एक चाक समजा," ते म्हणाले, "तीन खाचांचं. एक खाच फिरवलं की त्याला म्हणायचं जी. दोन खाचा म्हणजे जी वर्ग. तिसऱ्यांदा फिरवलं की चाक घरी." मग परिमेय संख्या, म्हणजे अपूर्णांकात लिहिता येणाऱ्या साध्या संख्या, या फिरण्यांपुढे गुणक म्हणून लावायच्या आणि बेरजा-गुणाकार करायचे. झालं गट-बीजगणित. "इतकंच. घाबरण्यासारखं यात काही नाही. नाव तेवढं भारदस्त आहे, बाकी स्वभावाने गरीब."

वर्ग हसला. तिच्या छातीवरचं ओझं तसूभर सरकलं.

त्यांनी ई लिहिला: एक अधिक जी अधिक जी वर्ग, सगळ्याला भागिले तीन. "याला याच्याशीच गुणा." एका मुलाने गुणून पाहिलं आणि म्हणाला, "सर, परत तोच येतो." "येणारच. आरशासमोर उभा राहिला तरी बिघडत नाही असा गृहस्थ आहे हा. याला म्हणतात आयडेम्पोटंट. आणि एकातून हा वजा केला की उरतो त्याचा जोडीदार, तोही तसलाच. दोघांचा गुणाकार शून्य, बेरीज एक. म्हणजे आपलं हे बीजगणित मधोमध उभं चिरलं गेलं. एका बाजूला ईचा तुकडा, त्यात नुसत्या परिमेय संख्या. दुसऱ्या बाजूला जोडीदाराचा."

इथवर एकेक ओळ बिनचूक होती. लहानपणी जेवणाच्या ताटाशेजारी बसून त्यांनी तिला हेच शिकवलं होतं, बोटांनी टेबलावर अदृश्य आकडे काढत. त्या वेळी ते इथेच थांबले होते. दुसरा तुकडा दोन मितींचा आहे, पण परिमेय संख्यांवर तो आणखी चिरता येत नाही. तो स्वतःच एक अखंड क्षेत्र आहे, त्यातल्या शून्य सोडून प्रत्येकाने भागता येतं. आता तेच वाक्य येणार, या खात्रीने ती पुढे झुकली.

बाबांनी खडू बदलला. "आता हा दुसरा चिरू या," ते म्हणाले.

त्यांनी लिहिलं: एक अधिक ओमेगा वर्ग जी अधिक ओमेगा जी वर्ग, भागिले तीन. आणि खाली त्याचा जुळा, ओमेगांच्या जागा बदलून. दोन्ही स्वतःशी गुणून दाखवले. दोघांचा गुणाकार शून्य आला, बेरीज बरोबर जोडीदाराएवढी आली. हिशोबात केसाएवढीही चूक नव्हती. अक्षर नेहमीसारखं, टपोरं आणि सरळ रेषेत. शेवटी त्यांनी बरोबरचं चिन्ह काढून परिमेय संख्यांच्या तीन प्रती एकापुढे एक लिहिल्या आणि खाली दुहेरी रेघ ओढली.

पहिल्या बाकावरची चष्मेवाली मुलगी हात वर करून कितीतरी वेळ बसली होती.

"सर, ओमेगा कुठून आला?"

"ओमेगा म्हणजे एकचं घनमूळ, स्वतः एक सोडून दुसरं."

"हो सर, पण आपले गुणक परिमेय आहेत ना? ओमेगा त्यांच्यात नाही."

अशी घसरण कुणाचीही होते. परिमेय म्हणता म्हणता माणूस उणे संख्यांनाही वर्गमूळ देणाऱ्या संमिश्र संख्यांत पाऊल टाकतो. तिथे ओमेगा घरचाच असतो, आणि तिथे हे बीजगणित खरोखरच तीन तुकड्यांत सुटं होतं. कुणी बोट दाखवलं की जीभ चावायची आणि पुसायचं. चूक आणि ऱ्हास यांच्यात अंतर असलं तर तेवढंच होतं, आणि ते आता फळ्यासमोर मोजलं जाणार होतं.

तिला राहवलं नाही. "सर," ती मागून म्हणाली, "हे तीन तुकडे संमिश्र संख्यांवर म्हणताय ना तुम्ही?"

दोरी अगदी हाताशी टाकली होती. नुसतं हो म्हणायचं होतं.

"संमिश्र कशाला?" बाबा तिच्याकडे वळून सौजन्याने म्हणाले. "आपण परिमेयांवरच आहोत." मग त्या मुलीला, समजूत काढावी तसं: "एक ही संख्या परिमेय आहे की नाही? मग तिचं मूळ परिमेय का नसावं? बस खाली. घरी जाऊन विचार कर, सुचेल."

मुलगी बसली. कुणी हसलं नाही. तिशी-पस्तिशीतल्या बाबांनी हे वाक्य ऐकलं असतं तर महिनाभर त्याची नक्कल करून दाखवली असती. आता सगळा वर्ग वह्यांत डोकं घालून ते उतरवून घेत होता. त्यांच्यावर माया होती म्हणूनच. ती माया तिला दुरुत्तरापेक्षाही जड वाटली.

तास संपल्यावर ती त्यांच्या खोलीत गेली. ते रुमालाने बोटांवरचा खडू पुसत होते.

"कसा झाला?"

छान झाला, असं तोंडातून निघणारच होतं. त्याऐवजी तिने कोरा कागद ओढला. "बाबा, एक शंका आहे. एक्स वर्ग अधिक एक्स अधिक एक. याची परिमेय मुळं सांगा."

"परीक्षा घेतेस होय म्हाताऱ्याची." त्यांनी पेन घेतलं. "विवेचक काढू. एक वजा चार, उणे तीन. त्याचं वर्गमूळ परिमेय तर नाहीच, वास्तवही नाही. मुळं नाहीत."

"आणि ओमेगा?"

"ओमेगा याचंच मूळ." पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं. शाईचा ठिपका हळूहळू मोठा होत गेला. ते बराच वेळ त्या ठिपक्याकडे पाहत होते.

"मी फळ्यावर तीन लिहिले," ते म्हणाले.

"हो."

"दोनच आहेत. दुसरा फुटत नाही. ते दोघे जुळे जोडीनेच इथे राहू शकतात. त्यांची बेरीज परिमेय, पण वेगळे काढायला गेलं की ज्याच्याशिवाय ते वेगळे होत नाहीत तेच या घरात नाही." आवाज स्वच्छ होता, तिच्या बालपणातला. "त्या मुलीने विचारलं मला."

"हो."

"आणि मी तिला खाली बसवलं."

त्यांनी रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"विभागप्रमुखाने पाठवलं ना तुला? मागच्या बाकावर तू हौसेने बसलीस असं मला वाटावं, एवढा काही मी गेलेला नाही. चुकतो म्हणून नाही गं. चुका मी जन्मभर केल्या. पण तिने दाखवली आणि मला दिसली नाही. तू दाखवलीस तरी दिसली नाही." त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. हाताला अजून खडूचा कोरडेपणा होता. "खरं ते सांग त्याला. तास तू घे. मला वाईट वाटेल, म्हणून थांबू नकोस. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली. त्या क्षणी दुःखाच्या आत कुठेतरी तिला सुटल्यासारखंही वाटलं. निर्णय त्यांचा होता. तिला तो फक्त पोहोचवायचा होता.

ती त्यांच्यासाठी पाणी आणायला गेली. पेला घेऊन परतली तेव्हा ते कोट चढवत होते, आणि चेहऱ्यावर तास चांगला रंगल्याचं ताजं समाधान होतं.

"कसा झाला?" त्यांनी विचारलं.

तिने पेला पुढे केला. "बाबा, आत्ताच आपण बोललो ना?"

"कशाबद्दल?" ते पाणी प्यायले. "तू मागे बसली होतीस म्हणून मुद्दाम सावकाश घेतलं. तिन्ही तुकडे कसे सुटे झाले, पाहिलंस? पुढच्या तासाला पाच घटकांचा गट घेतो. तू येशील ना?"

टेबलावर तो कागद होता, उणे तीन आणि मोठा झालेला ठिपका. पुन्हा दाखवला असता तर त्यांना पुन्हा समजलं असतं, पुन्हा तितकंच लागलं असतं, आणि ती लाज त्यांनी पुन्हा नव्याने सोसली असती. तिने कागद उचलला नाही.

"तुम्ही बसा. मी दोन मिनिटांत येते," ती म्हणाली.

विभागप्रमुखांनी तिचा चेहरा पाहिला आणि समोरची खुर्ची ओढून दिली. ती बसली नाही.

"तास माझ्याकडे द्या."

त्यांनी विचारलं, "कुठे अडले?"

"तीन घटकांच्या गटात. परिमेयांवर."

त्यांनी डोळे मिटले. ते स्वतःही हे बाबांच्याच हाताखाली शिकले होते. "त्यांना कोण सांगणार? मी सांगू का?"

"मी सांगितलंय. त्यांना कळलं, आणि त्यांनीच सांगितलं की तास तू घे."

"मग बरं झालं," त्यांनी खोल श्वास सोडला. "त्यांच्या तोंडून आलं ते बरं झालं. आपल्या दोघांच्याही मनाला..."

"ते विसरलेत," ती म्हणाली. "पाणी आणेपर्यंत."

बाहेर वर्ग सुटले होते, पोरांची पावलं जिन्यावरून धडधडत खाली जात होती.

"म्हणजे तुला पुन्हा सांगावं लागेल," ते शेवटी म्हणाले.

"परवा दाढी करून तयार होतील तेव्हा. मग त्याच्या पुढच्या तासाला." तिने खांद्यावरची पिशवी सारखी केली. "दर वेळी पहिल्यांदाच."

बाहेर बाबा कोटाची सगळी बटणं लावून बाकावर बसले होते. ती दिसताच उठले आणि पाच घटकांच्या गटाचे किती तुकडे होतील, हे चालता चालता तिला विचारू लागले.

"कशावर? परिमेयांवर की संमिश्रांवर?" तिने विचारलं.

ते थबकले. प्रश्न त्यांना कळला नव्हता. तिने त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि दोघं सावकाश जिना उतरू लागली.