पहिल्या नंबरचं जोडाक्षर

दिवसभर अनुवाद टाइप करून मनगट दुखायचं, आणि संध्याकाळी एकशेआठ वेळा कृष्णनाम टाइप करण्याचा माझा नेम मोडेल अशी धास्ती वाटायची. नोएडाच्या आमच्या ऑफिसातला सुधन्वा म्हणाला, नवा कीबोर्ड लेआउट करून देतो. जास्त वापरातल्या जोडाक्षरांना तीनऐवजी एकच कळ. त्याने माझ्या फाइलींतली जोडाक्षरं मोजली.

"ताई, सरकारी अनुवादात 'ष्ण' पहिला? 'प्र'च्याही वर?"

मी ओशाळले. नेमाची फाइल त्याच फोल्डरमध्ये होती.

"ती वगळ. 'प्र', 'त्य' यांना कळा दे."

"आणि 'ष्ण'?"

"ते तीन कळांनीच लिहीन रे. घाई ऑफिसला असते."

आठवड्याभरात मनगटाचा ठणका कमी झाला. आता एकशेआठ नावं सावकाश पुरी होतात.