बेलामावशी असं बोलते?

अंधेरीच्या कॉलेजातल्या स्टाफरूममध्ये शर्मिष्ठा मॅडमनी सेलिनाच्या प्रकल्पातली, मावशीच्या मुलाखतीतली एक ओळ मोठ्यानं वाचली, "'आर्थिक अनिश्चिततेमुळे आमचे दैनंदिन जीवन विस्कळीत होते.' तुझी मावशी असं बोलते?"

वर्सोव्यात उन्हात मासळी वाळत घालणारी बेलामावशी असं कशाला बोलेल!

"मॅडम, मी एआयला फक्त व्याकरण बघायला सांगितलेलं."

"नक्की काय सांगितलंस?"

"जरा... छान करून दे म्हटलं."

मॅडमनी कपाळाला हात लावला. पहिल्याच तासाला त्यांनी वर्गाला बजावलं होतं. विषय सुचेना तर एआयला विचारा. आराखडा कसा मांडावा ते विचारा. चुका दाखवून घ्या. वाक्यं मात्र तुमची हवीत, आणि जे वापरलं ते शेवटी लिहायचं. दुसऱ्या सरांचा नियम वेगळा असेल, तो त्यांना विचारायचा. सेलिनानं विषय आणि आराखडा कसा सुचला ते शेवटी इमानदारीत लिहिलंही होतं. वाक्यं सुधारून घेतली, हे तेवढं लिहिलं नव्हतं.

"छान करून दे म्हणजे लिहूनच दे की गं! आणि मुलाखतीतल्या शब्दांचं तर व्याकरणसुद्धा सुधारायचं नसतं. तुझा मूळ मजकूर कुठाय? चॅट दाखव."

"काल तुमचा निरोप आला ना... घाबरून डिलीट केलं. फाइलमध्येही नवीनच आहे." स्वतःच्या हातानं पुरावा पुसून बसली होती पोरगी. मूर्खपणाच, दुसरं काय. या प्रकल्पात नापास झाली तर डिग्री अडकणार, आणि डिग्रीवर ठरलेली नोकरी जाणार.

मॅडम कठोर नव्हत्या. "आज पाचपर्यंत गुण भरायचेत. मावशीला आत्ता फोन लाव. तिचे शब्द मिळाले तर ते घालू, काय झालं ते तू खरं लिही, मी मान्य करीन. नाहीतर मला हे कॉलेजच्या चौकशी समितीकडे द्यावं लागेल."

सेलिनानं फोन लावून स्पीकरवर टाकला. "मावशी, मॅडम ऐकतायत. बोट आली नाही की काय होतं, तू सांगितलेलंस ना? परत सांग."

पलीकडे मावशीनं घसा साफ केला. "आर्थिक... अनिश्चिततेमुळे आमचे..."

छपाई झाल्यावर सेलिनानंच कौतुकानं मावशीला ते पान वाचून दाखवलं होतं. वर म्हणाली होती, बघ, कॉलेजात असं लागतं.

"तसं नको गं मावशी! तू बोलतेस तसं बोल."

"येडी काय तू? ते बाई ऐकतान ना? मी पाठ केलाय सगला."

"मावशी, पाया पडते तुझ्या. तुझंच बोल."

मावशी हळूच म्हणाली, "माजा नको गो पोरी. माज्या बोलन्यानं तुजी वाट लागंल."