बंदराची जागा

ठोकळ्यांच्या खेळातलं ते जग दोघी बहिणींनी मिळून बांधलं होतं. चालायचं धाकटीच्या कॉम्प्युटरवर. ताई आणि तिची मुलं आपल्या घरून आत यायची. ताईचा किल्ला उंच, तर धाकटीचं बंदर खालच्या किनाऱ्यावर. चष्म्याच्या दुकानातल्या नोकरीवरून दमून आली की धाकटी एकेक दगड लावत बसायची.

मुलांनी खेळाची नवी आवृत्ती घेतली आणि जुन्या जगात त्यांना शिरता येईना. "तूही बदल ना," ताई मागे लागली. "आधीची प्रत माझ्याकडे आहे. जपून ठेवलीय."

त्या भरवशावर धाकटीने रविवारी सकाळी सगळं जग नव्या आवृत्तीत आणायला घेतलं. अर्ध्यात डिस्क भरली आणि काम बंद पडलं. पुन्हा उघडलं तर किल्ला आणि बंदर दोन्हीकडचे चंक, म्हणजे जमिनीचे चौकोनी तुकडे, वाचलेच जाईनात.

ताईने प्रत पाठवली. "किल्ला शाबूत आहे," ती फोनवर म्हणाली, "तुझा भाग मात्र यातही खराब झालाय गं. वाईट वाटलं."

धाकटीने ती प्रत नकाशाच्या रूपात उघडून पाहिली. किल्ला आणि बंदर एकाच फाईलमध्ये होते. किल्ल्याचा एक दगडही हललेला नव्हता. बंदराच्या जागी मात्र रिकामा आयत, कडा पट्टीने आखल्यासारख्या, बरोबर बंदराच्या भिंतीपर्यंत. मोडलेली फाईल कुठेही तुटते, अशी मोजूनमापून तुटत नाही. कुणीतरी ते चंक निवडून पुसले होते.

"ताई, तू पुसलंस ना?"

"मुलांना समुद्राकाठी जागा हवी होती. मागितली तेव्हा तू नाहीच म्हणालीस. आणि एवढं काय? खेळच तर आहे!"

"खेळ होता तर विचारायचं."

"विचारलं होतं."

ताईने खरंच विचारलं होतं, आणि धाकटीने खरंच नकार दिला होता.

तिने डिस्कवर जागा केली. प्रतीतून फक्त किल्ल्याचे चंक उचलून जगात बसवले. नव्या आवृत्तीत उघडताच ते नीट आले. बंदराचे मोडके चंक तिने स्वतःच्या हाताने काढून टाकले. ते परत आणायला कुठेच काही उरलं नव्हतं. खेळाने तिथे नवी जमीन घडवली, पण नव्या नियमांनी: जुन्या वाळूला लागून एकदम सरळसोट कडा उभा राहिला.

संध्याकाळी मुलं आत आली. "मावशी, इथे आम्ही घर बांधू?" ताईच्या धाकट्या मुलाने लिहिलं.

"बांधा," तिने लिहिलं.

मग संपूर्ण जगाची फाईल तिने ताईला पाठवली. खाली एकच ओळ: "यापुढे तुझ्याकडेच चालव." ताईचा फोन लगेच आला. धाकटीने तो वाजू दिला आणि आपल्या डिस्कवरचं जग पुसून टाकलं.