दोघांनाही एकच प्रश्न

मावशीचा निबंध परत आला होता आणि आता एकच संधी उरली होती. पाळणाघरात मदतनीस म्हणून लागल्यापासून तिला एकच आस होती, कधीतरी मुलांच्या वर्गावर शिक्षिका म्हणून उभं राहायची. त्यासाठी बालसंगोपनाचं प्रमाणपत्र हवं होतं. बाकी सगळं पार पडलं होतं, घोडं पेंड खात होतं ते एका परिच्छेदापाशी. उद्या तो सुधारून दिला नाही, तर पुन्हा आपली दुपटी आणि खेळणी धुणं नशिबी.

परीक्षक बाईंनी समासात लिहिलं होतं, ‘हे दोन सारांश आहेत. तुलना कुठे आहे?’

मावशीला हे चांगलंच झोंबलं होतं. बाळाला माणसाचा लळा कसा लागतो, याबद्दलचे दोन सिद्धान्त तिने घाम गाळून समजून घेतले होते. पहिला म्हणतो, जो भरवतो त्याचा लळा लागतो. दुसरा म्हणतो, तसं नाही, बाळ जन्मतःच कुणाच्या तरी आधाराकडे धावतं, आणि जो हाकेला ओ देतो त्याला चिकटतं. अर्धं पान पहिल्याचं, मग ‘दुसरीकडे’ असं लिहून अर्धं पान दुसऱ्याचं. आणखी कशी करतात तुलना?

रविवारची दुपार होती. नवरा ट्रक घेऊन लांब गेला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिच्यासमोर चिंगी बसली होती. चिंगी नवऱ्याच्या पहिल्या बायकोची मुलगी. मावशी या घरात आली तेव्हा ती सात वर्षांची होती, आता कॉलेजात जात होती आणि चिंगी म्हटलेलं तिला आवडत नव्हतं. तिने पहिल्या दिवशी मावशी म्हणून हाक मारली ती आजतागायत तीच. पाळणाघरातली पोरंही मावशीच म्हणायची, त्यामुळे जगाची मावशी व्हायची हिला सवय झाली होती. सवय झाली म्हणजे दुखत नव्हतं असं मात्र नाही.

चिंगीने परिच्छेद वाचला आणि बाईंचं बरोबर आहे म्हणाली. मावशीचा चेहरा पडला, तशी ती हसली.

“कपडे शिवायला दोन शिंपी बघतेस, तेव्हा आधी एकाची अख्खी कहाणी ऐकतेस आणि मग दुसऱ्याची? दोघांनाही तेच विचारतेस ना. शिलाई किती, देणार कधी, बिघडलं तर काय. तसंच कर. एक प्रश्न घे, दोघांची उत्तरं शेजारी ठेव, मग पुढच्या प्रश्नाकडे जा.”

मावशी मान डोलावून कामाला लागली. पहिला प्रयत्न फसला. तिने एक वाक्य याचं, एक वाक्य त्याचं असं आलटून पालटून लिहिलं, पण याचं वाक्य जेवणाबद्दल होतं आणि त्याचं रडण्याबद्दल. चिंगी म्हणाली, एका शिंप्याला भाव विचारलास आणि दुसऱ्याला कापडाचा रंग. मावशीने कपाळाला हात लावला, पण तिला आता खोच कळली होती. तिने आधी प्रश्नच वेगळे काढले. लळा येतो कुठून? त्यात खाण्याचा वाटा किती? माणूस दूर गेलं की बाळ का रडतं?

मग लिखाण सुरळीत चाललं. ‘पहिल्या सिद्धान्तानुसार लळा हा शिकलेला असतो, तर दुसऱ्यानुसार त्याची ओढ उपजत असते. पहिला खाऊ घालण्याला लळ्याचं मूळ मानतो, दुसरा मात्र मूळ सुरक्षिततेत शोधतो आणि भरवणाऱ्याखेरीज इतरांचाही लळा लागू शकतो असं म्हणतो. माणूस दूर गेल्यावर बाळ रडतं हे दोघांनाही मान्य आहे. पण पहिल्याच्या मते सुखाशी जोडलं गेलेलं माणूस हरवतं म्हणून, आणि दुसऱ्याच्या मते आधार सुटतो म्हणून.’ मावशीने ते मोठ्याने वाचलं आणि स्वतःवरच खूश झाली. दोन्ही सिद्धान्त पहिल्यांदाच एकमेकांशी बोलत होते.

“आता शेवटचा मुद्दा,” चिंगी म्हणाली. “लळा कोणत्या वयात लागतो? पहिल्याबद्दल तू लिहिलंयस, शिकलेलाच असल्यामुळे कधीही लागू शकतो. दुसऱ्याचं काय?”

मावशीने पेनचं टोपण लावलं. दुसऱ्याने त्यावर काही म्हटलेलं नाही, असं ती पुटपुटली.

चिंगीने पुस्तक पुढे ओढलं. मावशी नको म्हणेपर्यंत पान सापडलंही. पहिली दोन-तीन वर्षं सर्वांत मोलाची, तो काळ हुकला तर पुढे असं नातं जुळणं फार कठीण, असं तिथे सरळ लिहिलं होतं. मावशीने ते कितीदा वाचलं होतं. दुसरा सिद्धान्त तिचा लाडका होता. त्यात वाटीचमच्याला नव्हे तर मायेला मान होता. नेमकं हेच वाक्य तिने निबंधातून गाळलं होतं, आणि दोन सारांश वेगवेगळे होते तोवर ते कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. आता त्याची जागा रिकामी दिसत होती, पडलेल्या दातासारखी.

“गाळलंस तू,” चिंगी म्हणाली.

“हो.”

“का?”

मावशीने पेन टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, “तू सात वर्षांची होतीस.”

चिंगीच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरलं. तिने पुस्तक बाजूला सारलं नाही. उलट बोट ठेवून तोच परिच्छेद खाली खाली वाचत गेली. पुढे लिहिलं होतं की नंतरच्या अभ्यासकांनी उशिरा दत्तक गेलेली मुलं पाहिली, त्यांतल्या अनेकांची नवी नाती घट्ट जुळली होती, म्हणून आता हा मुद्दा पूर्वीइतक्या कडकपणे मांडत नाहीत. मावशी इतकं खाली कधी उतरलीच नव्हती. वरच्या ओळीपाशीच तिचा जीव अडकायचा.

मग चिंगी निबंधाकडे न बघता बोलायला लागली. तिला आठवत होतं, ती तेव्हा मुद्दाम जेवायची नाही. खोलीचं दार लावून बसायची. मावशी ताट दाराबाहेर ठेवायची आणि तिथेच जमिनीवर बसून राहायची, गाणं नाही, समजावणं नाही. चिंगी दाराखालच्या फटीतून तिची सावली बघायची.

“जेवण कित्येकदा तसंच परत जायचं,” ती म्हणाली. “पण तू गेलीस का, हे मी उठून उठून बघायचे.”

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं नाही, पण पेनचं टोपण काढलं. डोक्यात काहीतरी जागेवर बसत होतं, आणि ते निसटायच्या आत कागदावर यायला हवं होतं. आधी तिने गाळलेलं वाक्य लिहिलं, पूर्ण, जसं होतं तसं. मग दत्तक मुलांचा अभ्यास. आणि मग दोन सारांशांत जे कधीच सुचलं नसतं ते.

‘उशिरा लागणाऱ्या लळ्याबाबत पहिला सिद्धान्त वेळेच्या बाबतीत योग्य ठरतो, पण कारण चुकीचं देतो, दुसरा कारण बरोबर सांगतो, पण वेळेबाबत गरजेपेक्षा कडक आहे.’

चिंगीने ते वाचलं. बाईंना दुसरं काही नको होतं, तुलना ती हीच, असं म्हणाली. मावशीने आपल्याच अक्षरांवरून हात फिरवला. आता निबंध पास झाला काय नि नापास झाला काय, असं क्षणभर तिला वाटलं, आणि लगेच ते खोटं आहे हेही कळलं. तिला पास व्हायचं होतंच.

“पण ‘फार कठीण’ हे राहू दे ना?” तिने विचारलं. “पुस्तकात आहे म्हणून.”

“राहू दे. कठीण होतंच ते,” चिंगी म्हणाली. “पण तुला. मला फक्त दार उघडायचं होतं.”