स्वेटरचं बटण, तीस सेकंदांत

ऑस्ट्रेलियातल्या वॉर्नम्बूल गावच्या त्या छोट्या रेडिओ स्टेशनात जाहिरातीला आईचा आवाज हवा असला, की बाहेरून कुणाला बोलवायची पद्धत नव्हती. ऑफिसातलीच एखादी आई पकडायची आणि रेकॉर्डिंगच्या खोलीत कोंडायची, झालं. मानधन म्हणजे फार तर एक कॉफी. म्हणून जाहिराती लिहिणारी इमोजेन हातात कागद घेऊन आली तेव्हा नॅरेलने मान वर न करताच विचारलं, "कोण आहे आज? गादीवाला की दातांचा दवाखाना?"

"शाळा," इमोजेन म्हणाली आणि जरा थांबून पुढे बोलली, "टेकडीवरची."

नॅरेलचा हात कीबोर्डवर थबकला. कुठली जाहिरात किती वाजता लागणार, हे ठरवायचं तिचं काम. टेकडीवरच्या शाळेचा खुला दिवस, म्हणजे नव्या पालकांनी शाळा बघायला यायचा दिवस, जवळ येतोय आणि त्यांनी भरपूर जाहिराती घेतल्यात, हे तिला ठाऊक होतंच. ते तिने गिळलं होतं. धंदा आहे, करायचा. पण त्या शाळेसाठी तोंड उघडायचं म्हणजे अतिच झालं.

"मी नाही हं. दुसरी आई शोध."

"अगं, दोन स्क्रिप्ट त्यांनी परत पाठवल्या. आता ही नाही जमली तर ते पलीकडच्या स्टेशनला जातील आणि साहेब माझी चटणी करतील. तुझा आवाज खरा वाटतो गं. माझ्यासाठी कर ना."

माझ्यासाठी कर म्हटल्यावर नॅरेल विरघळायची. नवरा सोडून गेला त्या हिवाळ्यात हीच इमोजेन डबे घेऊन यायची, नॅरेलच्या लेकीच्या, टॅम्झिनच्या, केसांच्या वेण्या घालायची. नॅरेलने जे जगात कुणाला सांगितलं नव्हतं ते हिला सांगितलं होतं, स्टेशनच्या चिमुकल्या स्वयंपाकघरात, रडून नाक लाल झालेलं असताना.

"आधी वाचू नकोस हं," इमोजेनने दारातच कागद हातात दिला. "आधी वाचलं की शिळं वाटतं."

काचेपलीकडे निर्माता लॅकी रेकॉर्डिंगच्या यंत्रापाशी बसला होता. त्याच्या शेजारी शाळेतल्या प्रवेश विभागाच्या मिसेस व्हिटकोम्ब, मोत्यांच्या कुड्या, हातात चहा. नॅरेलला त्यांनी ओळखलं नाही. गेल्या वर्षी याच बाईंनी तिला समोर बसवून अगदी गोड आवाजात सांगितलं होतं, "तुमच्या मुलीला जरा लहान शाळा मानवेल."

लॅकीने बोट वर केलं. नॅरेल वाचू लागली.

"शाळेचा पहिला दिवस. गेटपाशी ती तुमचा हात सोडत नाही. तुम्हाला वाटतं, हिला इथे कोण सांभाळेल? म्हणून तुम्ही तुमच्या स्वेटरचं एक बटण तोडून तिच्या मुठीत देता. 'हे आहे म्हणजे मी आहे…'"

आवाज तिथे फाटला. पण डोळे पुढे धावत होते आणि तोंड सवयीने वाचत राहिलं. "मग गाडीत बसून घंटा होईपर्यंत तुमचा पाय निघत नाही. आम्हाला ठाऊक आहे. आमच्याकडे ते बटणही जपलं जातं. खुला दिवस, येत्या रविवारी, सकाळी दहा ते एक. मुलांना घेऊन या. बटणही आणा."

तिने हेडफोन काढले. मिसेस व्हिटकोम्ब डोळ्यांतलं टिपूस पुसत होत्या. लॅकी म्हणाला, "तीस सेकंदांत चपखल बसलं! आणि तो आवाज कापला ना, अहाहा! नॅरेल, तू तर नटी निघालीस!"

बटण निळं होतं, चार भोकांचं. टॅम्झिन ते खिशात ठेवायची, धडा वाचतानाही मुठीत धरायची. याच शाळेतल्या पोरींनी ते हिसकावून शौचालयाच्या छपरावर फेकलं होतं आणि महिनाभर तिला 'बटणी' म्हणून हाक मारली होती. नॅरेलने दुसरं बटण तोडून दिलं आणि शाळा बदलली. नदीपलीकडच्या सरकारी शाळेत ते कुणालाच माहीत नव्हतं. "तू कुणाला सांगायचं नाहीस," टॅम्झिनने बजावलं होतं आणि नॅरेलने गळ्याची शपथ घेतली होती.

इमोजेनला तिने कॉफीच्या मशीनपाशी गाठलं. "तुला लाज वाटली नाही?"

"नाव कुठे घेतलंय मी? कुणाला कळणारे?"

"माझ्या लेकीला कळेल! ज्यांनी ते बटण छपरावर फेकू दिलं, त्यांनाच विकलंस तू? माझ्याच तोंडून?"

"फेकू दिलं हे जरा जास्तच होतंय हं."

"इमोजेन!"

इमोजेनने खाली पाहिलं. मग तिने नॅरेलचे दोन्ही हात धरले. "बरं बाई, चुकले. बटण काढून टाकते. मी स्वतः वाचते, तुझा आवाज नको. व्हिटकोम्बबाईंना मी पटवते. बास?"

नॅरेलने मान हलवली. राग होता, पण विश्वासही होता. जुन्या सवयी अशा सहजासहजी सुटत नाहीत.

वेळापत्रक लावायला घेतलं तेव्हा जाहिरातीचा क्रमांक तोच होता, हे तिला दिसलं. नियमाने नव्या रेकॉर्डिंगला नवा क्रमांक हवा. पण या स्टेशनात नियम भिंतीवर चिकटवलेला होता आणि सगळेजण जुन्यावरच नवं साठवायचे, इमोजेन तर नेहमीच. एकदा लावून ऐकायचं तिच्या मनात आलं. ऐकणं म्हणजे मैत्रिणीवर संशय घेणं, असं वाटून तिने ते टाळलं. शाळेला सकाळची, आईबाप मुलांना सोडायला निघतात ती वेळ हवी होती. तिने स्वतःच्या हाताने नेमकी तीच दिली.

सोमवारी टॅम्झिन मागच्या सीटवर टोस्ट खात होती. समुद्रावरून बोचरा वारा येत होता, नदीपलीकडच्या तिच्या शाळेसमोर गाड्यांची रांग लागली होती, काचा अर्ध्या खाली होत्या. जवळजवळ प्रत्येक गाडीत तेच स्टेशन चालू होतं, कारण गावात सकाळी दुसरं कुणी ऐकतच नाही.

"शाळेचा पहिला दिवस," रेडिओ म्हणाला.

नॅरेलला स्वतःचाच आवाज ओळखायला क्षणभर लागला. मग तिचा हात रेडिओकडे झेपावला. तिने आवाज बंद केला, पण पुढच्या गाडीतून, मागच्या गाडीतून तो येतच राहिला. स्वेटरचं बटण. हे आहे म्हणजे मी आहे. आणि तिथला तो कापणारा आवाज, जसाच्या तसा.

"मम्मी," टॅम्झिन म्हणाली. "ती तू आहेस."

"राणी, ऐक, ते मी… इमोजेन मावशीने मला सांगितलं होतं की…"

"तू तिला सांगितलंस?"

इमोजेनने दगा दिला होता, तो दुपारी तिच्या तोंडावर मारता आला असता. पण इमोजेनला हे ठाऊकच का होतं? मागच्या सीटवरच्या पोरीने विचारलं होतं ते एवढंच आणि त्याचं उत्तर नॅरेलकडे एकच होतं.

"हो," ती म्हणाली.

पुढच्या गाडीच्या काचेतून एक मुलगी मागे वळून त्यांच्याकडे बघत होती. टॅम्झिनने टोस्ट खाली ठेवला. खिशात हात घातला आणि दोन सीटांच्या मधल्या कप ठेवायच्या खाचेत काहीतरी टाकलं. टक असा छोटासा आवाज झाला.

"टॅमी, असू दे जवळ. प्लीज."

"सगळ्यांना माहितीये आता," टॅम्झिन म्हणाली. तिने दप्तर ओढलं, दार स्वतःच उघडलं आणि गेटमधून आत गेली. रोज ती कोपऱ्यावर वळून बघायची.

मागच्या गाडीने हॉर्न दिला. नॅरेलने गाडी थोडी पुढे घेऊन कडेला लावली. घंटा झाली, रस्ता मोकळा झाला, तरी ती निळं बटण मुठीत धरून तिथेच बसून राहिली.