नऊ मीटरचा दोर

"सर, तुम्ही स्वतः कधी विहीर खणली आहे का?"

पैज माझ्या बाकावरच्या दोघींनी लावली, विचारणारं तोंड मात्र माझं. फळ्यावर गणित होतं: वृत्तचितीच्या आकाराची विहीर खणून निघालेली माती गोल ओट्यावर सारखी पसरली, तर ओटा किती उंच होईल?

सर रागावतील असं वाटलं होतं. ते खडू झटकत म्हणाले, "मी नाही बाई. पण तुझे बाबा खणतात ना? मापं सांग, त्यांचीच विहीर फळ्यावर घेऊ."

मापं मला तोंडपाठ होती. ओटा आखताना दोराचं दुसरं टोक मीच धरलं होतं. शेळीवाल्या मावशींच्या कुंपणात बाबांनी विहीर खणली होती, आणि तिच्या मातीचा ओटा बाजूलाच व्हायचा होता. गेल्या पावसाळ्यात नाल्याचं पाणी मांडीपर्यंत चढलं आणि मावशींच्या अकरा शेळ्या बुडाल्या. आता चाळीस उरल्या होत्या. बाबांनी शब्द दिला होता, "एक मीटर उंच ओटा देतो."

मी ऐटीत फळ्याजवळ गेले. "विहीर तीन, खोली नऊ, ओटा नऊ. उंची एक मीटर येणार."

"तीन कसं मोजलं?"

"या काठापासून त्या काठापर्यंत."

"आणि ओटा?"

"मधे खुंटी ठोकायची, तिथून दोर ताणून फिरायचं."

"मग विहिरीचा तो व्यास झाला आणि ओट्याची ती त्रिज्या. विहिरीची त्रिज्या दीड. कर आता."

पाय (π) दोन्हीकडे होता, तो उडवला. दीडचा वर्ग सव्वादोन, गुणिले नऊ, सव्वावीस. खाली नऊचा वर्ग, एक्याऐंशी. भागाकार पाव आला. पाव मीटर.

"तुझ्या बाबांचा मीटर फार लांबलचक दिसतो," मागून माझ्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली. सगळे हसले, मीही हसले. जागेवर जाऊन बसल्यावर मात्र वहीत बाबांच्या रीतीने करून पाहिलं. तीन गुणिले तीन गुणिले नऊ, एक्याऐंशी. नऊ गुणिले नऊ, एक्याऐंशी. बरोबर एक. इतकं नीटनेटकं उत्तर आल्यावर कोण कशाला पुन्हा तपासेल?

शाळा सुटल्यावर धावतच तिकडे गेले. बाबा आणि त्यांचा जोडीदार धुमसाने माती ठोकत होते. गोलाकार दगडी कड पुरी एक मीटर उभी होती, आणि आत माती माझ्या पोटरीपर्यंतही नव्हती. ढीग संपला होता.

"बाबा, वरची माती कुठंय?"

"बसतेय अजून," ते म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

"ठोकल्यावर माती खाली जाते बाबा, वर येत नाही."

जोडीदारकाका खोकले आणि पाणी प्यायला निघून गेले. मी बोटाने मातीतच गणित मांडलं. बाबा उकिडवे बसून बघत राहिले. दीडवर बोट ठेवून म्हणाले, "आजवर ओट्याची उंची कुणी विचारलीच नव्हती गं. माती निघायची, विहिरीभोवती पसरायची, झालं."

"अजून खोल खणू."

"खाली कातळ लागलाय. आणि एक मीटरला किती खणावं लागेल?"

मी हिशेब केला. छत्तीस मीटर. ते दोघांनाही मोठ्याने म्हणवेना.

"बाहेरून आणू माती."

"या बोळातून हातगाडी जेमतेम येते. पंधरा दिवसांत पाऊस."

तेवढ्यात मावशी आल्या. आत न डोकावता दगडी कडेवर हात ठेवून म्हणाल्या, "छान बांधलीत हो. यंदा निवांत झोपेन मी." बाबा नुसते हसले. तसं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

घरी आईने सगळं ऐकून घेतलं. "काही मार्ग नाही?"

"एक आहे," मी म्हणाले. "दोर निम्मा करायचा, साडेचार मीटर. तेवढ्याच मातीत एक मीटर उंची येते. पण जागा पावपट होते. दहा शेळ्या मावतील."

"आणि बाकीच्या तीस?" आईने विचारलं.

वर्गात उत्तर आलं की खाली दोन रेघा मारून मोकळं होता येतं.

बाबा ताटातला घास चिवडत होते. मग म्हणाले, "राहू दे. यंदा पाणी चढेलच असं नाही. उगाच बाईच्या जिवाला घोर कशाला?"

आईने ताटं उचलायला घेतली. दोघं इतकी थकलेली दिसत होती की मलाही वाटलं, राहू दे. पण मावशी पाव मीटरवर चाळीस शेळ्या बांधणार आणि निवांत झोपणार, हेच डोळ्यांपुढून जाईना.

"उद्या शाळेआधी मी मावशींकडे जाणार आहे," मी म्हणाले. "खरी उंची सांगणार. बाबा, तुम्ही आलात तर बरं होईल. नाही आलात तरी मी जाणार."